त्रास कमी झाला, म्हणजे औषध लागू पडलं?

किमोथेरपी किंवा रेडिएशन सुरू झालं की घरात डॉक्टरांनी दिलेल्या औषधांच्या जोडीला बाकीच्या बाटल्याही जमू लागतात. कुणी ई जीवनसत्त्वाच्या चारशेच्या कॅप्सूल आणतं, कुणी सी जीवनसत्त्वाच्या हजारच्या गोळ्या, कुणी हळदीच्या अर्काच्या, ग्रीन टीच्या अर्काच्या, द्राक्षाच्या बियांच्या. प्रत्येक बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक असतो. कर्करोगतज्ज्ञ मात्र ‘उपचार चालू असेपर्यंत हे बंद ठेवा’ असं सांगतात, आणि ओपीडीच्या गर्दीत त्यामागचं कारण समजावून सांगायला त्यांना बहुधा वेळ मिळत नाही. मग घरी तर्क सुरू होतात. डॉक्टरांना आहारातलं काय कळतं, त्यांचा विश्वास फक्त विषारी औषधांवर, शक्ती देणाऱ्या गोष्टींचं त्यांना वावडंच. या समजाचं खंडन मला करायचं आहे. पण समोरचा पक्ष अडाणी आहे असं गृहीत धरून नव्हे, कारण तो तसा नाही. त्याचा युक्तिवाद असा: उपचारांमुळे शरीरात फ्री रॅडिकल तयार होतात, ते निरोगी पेशींनाही मारतात, त्यातूनच तोंड येणं, केस गळणं, थकवा हे सगळं होतं. अँटिऑक्सिडंट फ्री रॅडिकल निकामी करतात. म्हणून ते घ्यावेत, त्रास कमी होईल, आणि त्रास कमी झाला तर रुग्ण उपचार पूर्ण करू शकेल. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं आहे. चूक आहे ती जे गृहीत धरलं गेलंय त्यात: या गोळ्या निरोगी पेशी कोणती आणि कर्कपेशी कोणती हे ओळखतात, असं.

रेडिएशनचा मारा गाठीवर कसा होतो ते आधी पाहू. पेशीत सर्वांत जास्त असतं ते पाणी. क्ष-किरण पेशीतून जाताना पाण्याच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढं. तेवढ्यात तो डीएनएच्या अगदी जवळ असेल तर डीएनएची साखळी तोडतो. क्ष-किरणांमुळे डीएनएचं जे नुकसान होतं त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश या आडवाटेने होतं. पुढे एक शर्यत लागते. पेशीतलं ग्लुटाथायोनसारखं द्रव्य तुटलेल्या जागी हायड्रोजन देऊन ती जागा पूर्ववत करू पाहतं, तर ऑक्सिजन त्याच जागी चिकटून ती तूट कायमची करतो. म्हणूनच गाठीच्या ज्या भागात रक्तपुरवठा कमी आणि ऑक्सिजन अपुरा, तिथल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. रेडिएशनच्या शास्त्रात ही जुनी, पक्की गोष्ट आहे. म्हणजे ऑक्सिडेशन हा या उपचाराचा दुष्परिणाम नव्हे, उपचाराचं मोठं काम त्यातूनच होतं. शरीरातलं अँटिऑक्सिडंटचं बळ वाढवणं म्हणजे त्या शर्यतीत दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूने उभं राहणं, आणि ही दुरुस्ती कर्कपेशीतही होऊ शकते.

तरीही एवढ्यावरून निकाल देणं मला मान्य नाही. कागदावरची प्रक्रिया आणि माणसाच्या शरीरात घडणारी गोष्ट यांत अंतर असतं. ई जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळणारं, ते पेशीच्या पडद्यात बसतं. केंद्रकातल्या डीएनएजवळ क्षणार्धात घडणाऱ्या घटनेत ते कितपत ढवळाढवळ करू शकेल, हा रास्त प्रश्न आहे. कदाचित त्याचा परिणाम नंतरच्या टप्प्यावर होत असेल, म्हणजे जखमी पेशीने मरायचं की जगायचं हे ठरवणाऱ्या संदेशांवर. अशा वेळी रुग्णांवर काटेकोर चाचणी करणं हाच मार्ग उरतो. सुदैवाने तशी एक चाचणी झालेली आहे. तिच्याकडे नीट पाहिलं तर या वादातला कळीचा मुद्दा हाती लागतो.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १९९४ ते २००० या काळात डोकं-मान भागाच्या कर्करोगाचे ५४० रुग्ण इझाबेल बैराती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चाचणीत सहभागी झाले. सगळे पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले, म्हणजे रेडिएशनने बरे होण्याची चांगली शक्यता असलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रोज ई जीवनसत्त्वाची ४०० युनिटं आणि ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. कोण काय घेतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. गोळ्या रेडिएशनच्या काळात आणि त्यानंतर तीन वर्षं घ्यायच्या होत्या. आशा दुहेरी होती: रेडिएशनचा त्रास कमी व्हावा आणि पुढे दुसरा कर्करोग उद्भवू नये. चाचणी चालू असतानाच, बीटा-कॅरोटिन घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचं दुसऱ्या मोठ्या अभ्यासांतून समोर आलं. त्यामुळे १५६ रुग्ण दाखल झाल्यावर बीटा-कॅरोटिन थांबवलं आणि पुढे फक्त ई जीवनसत्त्व चालू ठेवलं.

आता निकाल. ज्यांना दोन्ही जीवनसत्त्वं मिळाली त्यांना रेडिएशनचा तीव्र त्रास स्पष्टपणे कमी झाला. गळा आणि तोंड सोलवटणं, गिळताना होणाऱ्या वेदना, हे त्यांच्यात कमी होतं. एकट्या ई जीवनसत्त्वाने तेवढा फरक पडला नाही. म्हणजे पूर्वपक्षाचं म्हणणं इथे निदान अंशतः खरं ठरलं, आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. पण रुग्णांकडे पुढची काही वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा जीवनसत्त्वं घेणाऱ्या गटात आजार त्याच जागी उलटण्याचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी अधिक आढळला. हा आकडा योगायोगाची शंका पूर्ण पुसून टाकण्याइतका पक्का नव्हता. मात्र २००६ मध्ये मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध झाला आणि त्यात कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका ३८ टक्क्यांनी अधिक निघाला, तो सांख्यिकीच्या कसोटीवरही टिकला. गोळ्या चालू असलेल्या काळात दुसरा नवा कर्करोग होण्याचं प्रमाणही वाढलं होतं, ते गोळ्या थांबल्यावर खाली आलं. सबंध काळात रुग्णांच्या एकूण जीवनमानात, त्यांनीच भरलेल्या प्रश्नावल्यांनुसार, सुधारणा दिसली नव्हती.

माझा सगळा युक्तिवाद या चाचणीच्या कालक्रमावर उभा आहे. समजा, संशोधकांनी रेडिएशनचे सात आठवडे संपताच वह्या मिटल्या असत्या. निष्कर्ष काय निघाला असता? दोन्ही जीवनसत्त्वं एकत्र घेतली तर त्रास कमी होतो, ती उपयुक्त आहेत, सर्वांना द्या. आणि तो निष्कर्ष त्या सात आठवड्यांपुरता बरोबरही असता. फायदा आठवड्यांत दिसतो, किंमत वर्षांनी कळते. घरातल्या माणसांना फक्त पहिला भाग दिसतो, आणि तो अगदी खरा दिसतो: तोंड कमी आलं, माणूस दोन घास जास्त जेवला, मशीनखाली जायला कुरकूर झाली नाही. दोन वर्षांनी आजार उलटला तर त्याचा संबंध कुणी त्या कॅप्सूलशी जोडत नाही. नशिबाशी जोडतात, नाहीतर डॉक्टरांशी. एका रुग्णाच्या बाबतीत तो संबंध जोडताही येत नाही, कारण गोळ्या न घेणाऱ्यांतही आजार उलटतोच. तो फरक शेकडो रुग्णांची दोन गटांत तुलना केल्यावरच उमटतो. ‘अमक्याने घेतलं, त्याला काही झालं नाही’ या दाखल्याला म्हणूनच वजन नाही. तो दाखला देणारा खोटं बोलत नसतो, पण ज्या जागेवरून तो पाहतो तिथून ही गोष्ट दिसूच शकत नाही. याहून कठीण गोष्ट अशी की निरोगी कातडीला मिळालेलं संरक्षण गाठीलाही मिळालेलं असू शकतं. तसं असेल तर त्रास कमी होणं हा गोळी निर्धोक असल्याचा पुरावा उरत नाही. दोन्ही परिणामांचं मूळ एकच असू शकतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. क्युबेकच्याच गटाने २००८ मध्ये हीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा दिसलं की नुकसान झालं ते मुख्यतः रेडिएशन चालू असताना धूम्रपान करत राहिलेल्यांचं. त्यांच्यात आजार उलटण्याचा आणि मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक वाढला होता. ज्यांनी त्या काळात विडी-सिगारेट ओढली नाही त्यांच्यात गोळी घेणारे आणि न घेणारे यांत फरक आढळला नाही. मग सगळ्यांनाच का रोखायचं? एक म्हणजे, गट पाडून नंतर केलेली अशी तपासणी सूचक असते, निर्णायक नसते. लहान तुकड्यांत आकडे सहज इकडेतिकडे होतात. दुसरं म्हणजे, हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारला तरी तो न ओढणाऱ्यांना फार तर ‘नुकसान नाही’ एवढंच देतो. आणि तिसरं आपल्या इथलं. आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण तंबाखूच आहे. उपचार चालू असतानाही ती सुटत नाही आणि लपूनछपून घेतली जाते, हे कर्करोगाच्या कुठल्याही ओपीडीत ठाऊक असतं. क्युबेकमध्ये मोजलं गेलं ते धूम्रपान, चघळायची तंबाखू नव्हे, म्हणून तो आकडा मी इथे आयता चिकटवणार नाही. पण ज्या गटात धोका सर्वांत गडद दिसला, त्याच्याशी आपल्या रुग्णांचं साम्य बरंच आहे.

किमोथेरपीबाबत चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे. ‘सगळी किमो फ्री रॅडिकलवर चालते’ असं कुणी सावधगिरीच्या बाजूनेही म्हणत असेल तर ते चूक आहे. ब्लिओमायसिन लोह आणि ऑक्सिजन यांच्या मदतीनेच डीएनए तोडतं, डॉक्सोरुबिसिनच्या परिणामात रॅडिकलचा काही वाटा असतो. मेथोट्रेक्सेट किंवा व्हिन्क्रिस्टिन यांची वाट मात्र वेगळी आहे. तरी अँटिऑक्सिडंटमुळे होणारी अडचण दरवेळी रॅडिकलमधूनच येते असंही नाही. मायलोमासाठी दिलं जाणारं बोर्टेझोमिब घ्या. ग्रीन टीमधला मुख्य घटक या औषधातल्या बोरॉनच्या भागाला थेट चिकटतो आणि औषध निकामी करतो, असं २००९ मध्ये पेशींवर आणि उंदरांवर दिसून आलं. हळदीतल्या कुरकुमिननेही किमोत अडथळा आणल्याचं दिसलं आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांना कुरकुमिनयुक्त आहार दिल्यावर सायक्लोफॉस्फमाइडने गाठ आकसण्याचं प्रमाण घटलं, असा २००२ चा अमेरिकी प्रयोग आहे. उंदरांवरून माणसांबद्दल खात्रीने बोलता येत नाही, हे मान्य. पण ‘नैसर्गिक आहे, त्याने काय होणार’ या भाबड्या विश्वासाला एवढं उत्तर पुरेसं आहे.

माणसांमधला पुरावाही आहे, फक्त त्याची जात वेगळी आहे. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या एका मोठ्या किमो चाचणीतल्या १,१३४ रुग्णांना पूरक गोळ्यांबद्दल विचारलं गेलं, एकदा उपचारांच्या आरंभी आणि पुन्हा सहा महिन्यांच्या सुमारास. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार किमोच्या आधी आणि किमो चालू असताना अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी अधिक होता. हा आकडा सांख्यिकीच्या उंबरठ्यावरच थांबतो, पलीकडे जात नाही. साध्या मल्टिव्हिटामिनशी असा संबंध दिसला नाही. इथे गोळ्या कुणी घ्यायच्या हे चिठ्ठीने ठरलं नव्हतं. ज्यांना अधिक भीती वाटत होती किंवा ज्यांची तब्येत अधिक खालावलेली होती त्यांनीच गोळ्या घेतल्या असतील, ही शक्यता उरते. म्हणून या अभ्यासाला मी पुरावा म्हणतो, निकाल म्हणत नाही. पण त्याचं बोट क्युबेकच्या दिशेनेच आहे.

प्रतिपक्षाकडेही अभ्यास आहेत आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. २००७ मध्ये १९ लहान चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात अँटिऑक्सिडंटमुळे किमोचा परिणाम घटल्याचं आढळलं नाही, उलट काही ठिकाणी रुग्णांना उपचार अधिक सोसले. हा आढावा पुरवणीविक्रीच्या पत्रकांतही वारंवार उद्धृत होतो. पण १९ चाचण्यांत मिळून रुग्ण होते १,५५४, म्हणजे सरासरी एका चाचणीत ८० च्या आसपास. कर्करोग वेगवेगळे, औषधं वेगवेगळी, गोळ्याही वेगवेगळ्या. आजार उलटण्यात पडणारा तीस-चाळीस टक्क्यांचा फरक ८० रुग्णांत पकडताच येत नाही, तो पकडायला शेकडो रुग्ण आणि बरीच वर्षं लागतात. ‘नुकसान आढळलं नाही’ आणि ‘नुकसान होत नाही’ या दोन वाक्यांमध्ये ही सगळी वर्षं आणि हे सगळे रुग्ण बसतात.

आणखी दोन आक्षेप वरचेवर ऐकू येतात. सी जीवनसत्त्व शिरेतून मोठ्या मात्रेत देतात, ते कसं चालतं? मोठ्या मात्रेत शिरेतून गेलेलं सी जीवनसत्त्व अँटिऑक्सिडंटसारखं वागत नाही. तोंडाने कितीही घेतलं तरी रक्तातली पातळी एका मर्यादेपलीकडे चढत नाही, कारण आतडं आणि मूत्रपिंड ती रोखतात. शिरेतून ती शंभरपट चढते आणि तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणजे ते ऑक्सिडेशनच घडवतं. त्याचा उपयोग अजून सिद्ध व्हायचा आहे, चीनमधल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही, आणि जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या माणसात त्याने लाल रक्तपेशी फुटू शकतात. पण या वादापुरतं महत्त्वाचं हे की त्या इंजेक्शनचा दाखला तोंडाने घ्यायच्या गोळीच्या बाजूने देता येत नाही. दुसरा आक्षेप २०२४ पासूनचा: मुंबईच्या टाटा केंद्रानेच द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलची गोळी काढली ना? डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने वापरलेलं मिश्रण रेस्व्हेराट्रॉल आणि तांबं यांचं आहे, आणि त्या मिश्रणाचा हेतूच ऑक्सिजन रॅडिकल निर्माण करणं हा आहे. त्याबद्दलचे दावे पुढच्या चाचण्यांत तपासले जातील. पण नुसत्या रेस्व्हेराट्रॉलची बाटली विकताना त्या संशोधनाचं नाव घेणं म्हणजे संशोधन उलटं वाचणं.

खंडन एवढं पुरे. मंडन करायचं तर आधी हे सांगितलं पाहिजे की निरोगी पेशी वाचवायला कर्करोगतज्ज्ञांचा विरोध नाही. त्यांच्याकडे ॲमिफोस्टिन नावाचं औषध आहे, तेही ऑक्सिडेशनला अटकाव करणारंच. लाळग्रंथी वाचवण्यासाठी ते रेडिएशनच्या १५ ते ३० मिनिटं आधी शिरेतून देतात. ते निरोगी पेशींत अधिक सक्रिय होतं आणि गाठीत कमी, कारण त्याला सक्रिय करणारं एन्झाइम निरोगी ऊतींत अधिक असतं. हा भेद चाचण्यांत तपासला गेला आहे, त्याने होणारी मळमळ आणि रक्तदाब उतरणं मोजलं गेलं आहे, आणि तरीही त्याचा वापर जपून होतो. जो भेद या औषधाला सिद्ध करावा लागला तो बाजारातल्या कुठल्याही कॅप्सूलला सिद्ध करावा लागलेला नाही. सावधगिरीचं मूळ इथे आहे.

म्हणून ताटातल्या अन्नावर बंदी नसते. पातेलंभर भाजीत अर्धा चमचा हळद जाते, सुमारे दीड ग्रॅम. त्यात कुरकुमिन ५० मिलिग्रॅमच्या आतबाहेर, आणि ती भाजी घरातले चौघे खातात. हळदीच्या अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये मात्र साडेचारशेच्या वर कुरकुमिन असतं. वर ते रक्तात जास्त उतरावं म्हणून मिऱ्यातलं पिपरिन घातलेलं असतं, आणि पिपरिन यकृतातल्या औषधं पचवणाऱ्या एन्झाइमांना अडवतं. लिंबू, आवळा, पालेभाजी, वरण-भात यांना रोखायचं काही कारण नाही. कॅप्सूलमधल्या मात्रेला आहे. ‘किमोच्या दिवशी घेत नाही, मधल्या दिवसांत घेतो’ ही तडजोडही फसवी आहे. सी जीवनसत्त्वाचा जास्तीचा साठा एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो, पण ई जीवनसत्त्व चरबीत साठतं आणि तिथून आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. रेडिएशन तर आठवड्यातले पाच दिवस असतं, तिथे मधले दिवस उरतातच कुठे? उपचार संपताच सुरू करू म्हणणाऱ्यांनीही क्युबेकच्या गोळ्या तीन वर्षं चालू होत्या हे लक्षात घ्यावं.

रक्ततपासणीत कमतरता निघाली तर ती भरून काढणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता वारंवार निघते. स्तनाच्या कर्करोगाच्या त्या अमेरिकी अभ्यासात किमोच्या आधी आणि किमो चालू असताना बी-१२ घेणाऱ्यांतही आजार उलटण्याचा धोका अधिक दिसला होता. म्हणून ते अंदाजाने, ताकदीसाठी म्हणून सुरू करू नये. पण तपासून, कारण असताना, डॉक्टरच ते देतात. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी पेमेट्रेक्सेड दिलं जातं तेव्हा फॉलिक ॲसिड आणि बी-१२ न देणं हीच चूक ठरते. ती जीवनसत्त्वं नसली तर या औषधाने रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. फॉलिक ॲसिडची रोजची गोळी पहिल्या डोसच्या आठवडाभर आधी सुरू होते, मात्रा ३५० ते १,००० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान ठेवली जाते, बी-१२ चं इंजेक्शन दर नऊ आठवड्यांनी असतं, आणि शेवटच्या डोसनंतर २१ दिवसांनी गोळी थांबते.